हितसंबंध : सहा व्यक्ती, ४०८ किलो

मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की मी कायद्याने मुंबईत येतो. दिल्लीतल्या लिफ्टना जो कायदा लावला गेला तो १९३९ सालचा मुंबई लिफ्ट कायदा, आणि त्याखालचे दिल्लीचे नियम १९४२ चे. महाराष्ट्राने २०१७ साली नवा कायदा करून जुन्याला निवृत्त केलं. हद्दीपलीकडच्या नोएडावाल्यांना उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्वतःचा कायदा दिला. आमच्या वाट्याला मात्र मुंबईने वापरून झालेला कायदा आला, आणि परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला आपलं म्हणायला जे थोडंफार मिळतं त्यात मी त्याची गणना करतो.

तर ही लिफ्ट. आमची इमारत ऐंशीच्या दशकातल्या ग्रुप हाउसिंगची. तळमजला अधिक आठ मजले, दोन लिफ्ट, दोन्हींना हाताने ओढायचे जाळीचे दरवाजे. आत एक पट्टी ठोकलेली आहे : सहा व्यक्ती, ४०८ किलो. म्हणजे माणशी ६८ किलो. आमच्याकडची निवृत्त मंडळी आणि त्यांचे सकाळचे पराठे धरले तर चौघांतच हा आकडा गाठला जातो. पण पट्टीवर सहा लिहिलंय म्हणून सहाजण शिरतात, लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध थांबते, आणि मग जाळीतून दिसणाऱ्या भिंतीकडे बघत सहाजण मॅनेजिंग कमिटीच्या कारभारावर चर्चा करतात. दोन्ही लिफ्ट बदलायच्या, असा ठराव जनरल बॉडीत झाला. आमच्या जनरल बॉडीत एकमताने झालेला मला आठवणारा तो एकमेव ठराव.

कमिटी सातजणांची. सोसायटीत निवृत्त सरकारी अधिकारी इतके, की आमच्याकडे कुणी काही विकत घेत नाही, ‘प्रोक्युअर’ करतं. झाडूसुद्धा. त्यामुळे लिफ्टसारखी पस्तीस-चाळीस लाखांची खरेदी म्हटल्यावर सेक्रेटरीसाहेबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. ते केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. दरांची पाकिटं उघडायच्या बैठकीला ते सात छापील कागद घेऊन आले आणि प्रत्येकासमोर एकेक ठेवला. मजकूर दोन ओळींचा : या खरेदीत भाग घेणाऱ्या कोणत्याही पुरवठादाराशी माझा हितसंबंध नाही, असल्यास तो पुढीलप्रमाणे. खाली रिकामी जागा आणि सही.

ही त्यांची कल्पना नव्हे. अर्थ मंत्रालयाची वस्तूखरेदीची एक जाडजूड नियमपुस्तिका आहे. निविदा समितीतल्या प्रत्येक सदस्याने अशी घोषणा करावी आणि ज्याचा संबंध असेल त्याने बाजूला व्हावं, असं त्यात सांगितलेलं आहे. समितीतला एक सदस्य दुसऱ्या सदस्याच्या हाताखालचा नसावा, असंही त्यात आहे. हे सेक्रेटरीसाहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदार एकेकाळी अध्यक्षांच्याच बँकेत, अध्यक्षांच्याच शाखेत होते. अध्यक्षांनी चहाचा पहिला घोट घेतल्याशिवाय ते अजूनही कपाला हात लावत नाहीत. पण सोसायटी म्हणजे मंत्रालय नव्हे, असं ठरून हा मुद्दा चहाबरोबर संपला.

कागद मात्र संपला नाही. अध्यक्षांनी तो उचलला, चष्मा वर-खाली केला आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “यानी अब हम पर शक किया जाएगा?”

या एका वाक्यात या घोषणेचं सगळं दुखणं आलं. तुमचा काही संबंध आहे का, असं आपल्याकडे विचारलं की ऐकणाऱ्याला ‘तुम्ही पैसे खाता का’ असंच ऐकू येतं. वास्तविक हे दोन अगदी वेगळे प्रश्न. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही. माणूस जन्माला येताना काका, मामा, आत्या घेऊनच येतो आणि लग्नात त्यांची संख्या दुप्पट करून घेतो. त्यातलं कुणी ना कुणी लिफ्ट विकणारच. दोष असलाच तर तो लपवण्यात, किंवा सांगूनही तिथेच बसून राहण्यात. सेक्रेटरीसाहेबांनी हे शांतपणे समजावलं. ते म्हणाले, “साहब, ये तो आपकी सुरक्षा के लिए है.” दिल्लीत कुठलीही अप्रिय गोष्ट सुरक्षेच्या नावाने सांगितली की गळी उतरते. अध्यक्षांनी सही केली. ती पाहून खजिनदारांनी केली.

त्यानंतर जे झालं त्याची सेक्रेटरीसाहेबांना कल्पना नसावी. आधी कुणी सांगायला तयार नव्हतं, आता थांबायला तयार होईना.

आठव्या मजल्यावरच्या मॅडम केरळच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी लिहिलं की एका कंपनीच्या एरिया मॅनेजरची मुलगी त्यांच्या वर्गात होती आणि गणितात कच्ची होती. अध्यक्षांनी सहीच्या वर नव्याने भर घातली : त्यांच्या बँकेने अमुक कंपनीला एकदा कर्ज दिलं होतं, ते फिटलंही होतं. मी जाहीर केलं की एका कंपनीचा विक्री प्रतिनिधी सांगलीचा आहे, जागा मोजायला आला तेव्हा माझ्याशी मराठीत बोलला, आणि यमुनेच्या या काठावर सहा महिन्यांनी कुणी ‘काय म्हणता काका’ असं विचारल्यामुळे मी त्याला दोनदा चहा पाजला. सेक्रेटरीसाहेबांनी पेन थांबवून विचारलं, यात पैशाचा संबंध आहे का? म्हटलं, नाही, पण त्याची लिफ्ट मला मनापासून आवडली आहे, आणि ती मी अजून पाहिलेली नाही. त्यांनी नोंद केली : ‘सदस्यांचा भाषिक स्नेह. आर्थिक हितसंबंध नाही.’

सर्वांत अवघड प्रकरण निघालं तळमजल्यावरच्या सदस्यांचं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की मी तळमजल्यावर राहतो, लिफ्ट वापरत नाही, त्यामुळे या खोलीत हितसंबंध नसलेला माणूस मी एकटाच आहे. बाकी तुम्ही सगळे वर राहता, म्हणजे तुम्हीच हितसंबंधी. निर्णय एकट्याने घ्यायला आपण तयार असल्याचंही त्यांनी सांगितलं. यावर आठव्या मजल्यावरच्या मॅडम म्हणाल्या की हे दहा वर्षं लिफ्टच्या वर्गणीवरून भांडताहेत, लिफ्ट जितकी स्वस्त तितकं यांच्या भल्याचं, तेव्हा हितसंबंध खरा यांचाच.

भांडण विनोदी होतं, पण प्रश्न पोरकट नव्हता. सोसायटीच्या लिफ्टमध्ये सोसायटीतल्या सगळ्यांचा स्वार्थ असतो, आणि तसा तो असावाच. त्यासाठीच तर कमिटी सभासदांतून निवडतात. जो स्वार्थ सगळ्यांच्या बरोबरीने वाट्याला येतो तो जाहीर करायची गरज नसते. जाहीर करायचा तो असा, की जो एकट्याच्या खिशात किंवा एकट्याच्या घरात जातो आणि शेजाऱ्याच्या जात नाही. या चाळणीतून मॅडमची विद्यार्थिनी, अध्यक्षांचं फिटलेलं कर्ज, तळमजला, आठवा मजला आणि सांगली, सगळं गळून पडलं. सात कागदांवर भरपूर मजकूर होता आणि कामाचं अक्षर शोधून सापडत नव्हतं. जास्त सांगणं हीदेखील न सांगण्याचीच एक रीत आहे. एवढ्या गर्दीत खरी नोंद असली तरी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आणि खरी नोंद तिथे होती.

ती होती इंजिनियरसाहेबांच्या कागदावर. ते पाचव्या मजल्यावरचे. आयुष्यभर सरकारी इमारती बांधलेले, सोसायटीत पंप बिघडला तरी आधी त्यांनाच हाक मारली जाते, आणि माणूस खरोखर भला. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : ‘लिफ्ट विकणाऱ्या कोणत्याही कंपनीत माझा किंवा माझ्या नातेवाइकाचा हितसंबंध नाही.’ वाक्य शंभर टक्के खरं होतं. पण ‘विकणाऱ्या’ या शब्दावर मॅडमचं बोट थांबलं. चाळीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईंना नको तितकं नेमकं उत्तर लगेच कळतं. त्यांनी विचारलं, “और जो बेचते नहीं, सर्विस करते हैं?”

इंजिनियरसाहेब क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “वो तो हमारे साढ़ू साहब हैं.”

त्यांचे साडू एका लिफ्ट कंपनीच्या देखभालीचं काम घेतात. विक्री कंपनीची; वर्षाचा देखभाल करार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, तो पूर्व दिल्लीत साडूंच्या फर्मकडे. आता साडू म्हणजे नातेवाईक का? खजिनदार सीए असल्यामुळे त्यांनी कंपनी कायद्याचा आधार घेतला. सोसायटीला तो कायदा लागू नाही, पण नातेवाइकांची छापील यादी हाताशी असलेला तेवढाच. २०१३ च्या कायद्यात आणि त्याच्या नियमांत ‘नातेवाईक’ म्हणजे नवरा किंवा बायको, एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ आणि बहीण. संपली यादी. साडू नाही. मेहुणा नाही. व्याही नाही. भाचा, पुतण्या, मामा कुणीच नाही. ज्या नात्यांवर या देशातले निम्मे व्यवहार चालतात ती सगळी यादीबाहेर! जाऊबाईंच्या भावाची गोष्ट तर सोडूनच द्या. खजिनदार म्हणाले, यादीनुसार हे निर्दोष आहेत. मॅडम म्हणाल्या, यादी करणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं.

इंजिनियरसाहेबांचा चेहरा पडला होता. ते परत परत सांगत होते की साडूंकडून त्यांना एक पैसा मिळत नाही, उलट गेल्या दिवाळीपासून बोलणंही नाही. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण हा सगळा गोंधळ मुळात लिफ्टच्या व्यवहाराचं स्वरूप न कळल्यामुळे होतो, म्हणून ते जरा सावकाश सांगतो.

लिफ्ट ही एकदा विकत घ्यायची वस्तू वाटते, पण ती असते वीस-पंचवीस वर्षांची सोयरीक. तिचा मेंदू म्हणजे कंट्रोलर, मशीनरूममधली ती कपाटासारखी पेटी. दार कधी उघडायचं, कुठल्या मजल्यावर थांबायचं, वीज गेली तर जवळच्या मजल्यावर कसं न्यायचं, सगळं त्यात. काही कंट्रोलर असे असतात की कुठल्याही जाणत्या मेकॅनिकला उघडून बघता येतात. काही असे, की त्यांना जोडायचं यंत्र आणि पासवर्ड फक्त त्या कंपनीच्या माणसाकडे. दुसऱ्या प्रकारची लिफ्ट एकदा बसली की देखभालीला दुसरा कुणी येऊच शकत नाही, आणि दुसरा येऊ शकत नसल्यावर पहिला सांगेल तो दर. म्हणून काही कंपन्या लिफ्ट स्वस्तात देतात आणि कमाई देखभालीवर करतात.

आमच्याकडे आलेली कोटेशन्स हेच सांगत होती. पहिल्या कंपनीची, म्हणजे जिची देखभाल साडूंकडे, एक लिफ्ट साडेसतरा लाखांना. सगळ्या सुट्या भागांसकट देखभाल वर्षाला ९० हजार. दुसरीची लिफ्ट १९ लाखांना, तशीच देखभाल ४८ हजारांत, आणि कंट्रोलर कुणालाही उघडता येणारा. तक्त्यात फक्त पहिला आकडा होता. त्यामुळे पहिली कंपनी दीड लाखाने स्वस्त, म्हणजे सेक्रेटरीसाहेबांच्या भाषेत ‘एल-वन’. देखभालीत मात्र ती दरवर्षी ४२ हजारांनी महाग. दीड लाखाला ४२ हजारांनी भागा : चार वर्षं व्हायच्या आत ‘स्वस्त’ लिफ्ट महाग होते, आणि पुढची वीस वर्षं महागच राहते. हे एका लिफ्टचं; आम्हाला घ्यायच्या होत्या दोन.

तक्त्यात देखभालीचा रकाना का नव्हता? कारण तक्ता कसा असावा, लिफ्टमध्ये काय काय हवं, हे स्पेसिफिकेशन इंजिनियरसाहेबांनीच लिहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी. कागदांवर सह्या होण्याच्या दोन महिने आधी.

सगळ्या प्रकरणात लक्षात ठेवावी अशी गोष्ट मला हीच वाटते. घोषणा आपण दरांची पाकिटं उघडायच्या वेळी मागतो. त्यात तर्क आहे, कारण कुणाकुणाची पाकिटं आली हे कळल्याशिवाय कुणाशी संबंध नाही हे सांगणार कसं? पण खरेदीचा निकाल बऱ्याचदा पाकिटांच्या किती तरी आधी लागलेला असतो. तो लागतो स्पेसिफिकेशनच्या तिसऱ्या पानावरच्या एखाद्या निरागस वाक्यात. आमच्या तिसऱ्या पानावर होतं : ‘देखभाल फक्त उत्पादकाच्या अधिकृत प्रतिनिधीकडूनच होईल.’ वाचायला किती शिस्तीचं! सुरक्षेचीच काळजी. खाली आणखी एक : ‘पुरवठादाराने गेल्या पाच वर्षांत पूर्व दिल्लीत किमान वीस लिफ्ट बसवलेल्या असाव्यात.’ लिफ्टला पूर्व आणि दक्षिण दिल्लीतला फरक कळत नाही. ती दोन्हीकडे वरखालीच जाते. पण या एका अटीने एक चांगली कंपनी बाहेर राहिली होती, जिचं काम यमुनेपलीकडे होतं. अशी अट दिसली की बघायची खूण सोपी आहे : ही अट काढली तर लिफ्ट वाईट होईल का? नाही ना? मग ती लिफ्टसाठी नाही, कुणासाठी तरी आहे.

इंजिनियरसाहेबांनी ती अट साडूंसाठी घातली होती का? मला नाही वाटत. त्यांना लिफ्टबद्दल जे काही ठाऊक होतं ते बरंचसं साडूंकडूनच, साडूंशी बोलणं चालू होतं त्या काळातलं. म्हणून त्यांना उत्तम लिफ्ट म्हणजे साडूंच्या कंपनीचीच वाटत होती. लाच घेतलेला माणूस निदान मनातून ओशाळलेला असतो. असा प्रामाणिक माणूस मात्र छाती पुढे काढून शिफारस करतो आणि त्याला अडवणं फार अवघड जातं. बैठक चालू होती त्या कमिटी रूममध्ये भिंतीवर एक कॅलेंडर होतं. सातहीजणांनी घोषणापत्रावर सही करून तारीख टाकताना त्या कॅलेंडरात पाहून टाकली. कॅलेंडर साडूंच्या फर्मचं होतं.

आता पुढे काय, यावर अध्यक्षांनी तोडगा काढला : पहिल्या कंपनीवर चर्चा होताना इंजिनियरसाहेबांनी बाहेर गॅलरीत जावं, बाकीच्यांवर बोलताना आत यावं. सगळ्यांना हे न्यायाचं वाटलं. आमच्या गॅलरीची खिडकी टेबलापासून हातभर अंतरावर आहे आणि तिची काच तुटलेली आहे, हा भाग वेगळा. पण काच धड असती तरी हा तोडगा चालणार नव्हता. मयूर विहार फेज वनहून मेट्रोत बसलं की अक्षरधाम, यमुना बँक, इंद्रप्रस्थ आणि चौथं स्टेशन सर्वोच्च न्यायालय. त्या चौथ्या स्टेशनावर हा प्रश्न १९६९ सालीच निकाली निघालेला आहे.

ते क्रैपाक खटल्याचं प्रकरण. जम्मू-काश्मीरच्या वनखात्यातले अधिकारी नव्या भारतीय वनसेवेत निवडायचे होते. निवड मंडळावर त्या राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक होते, आणि उमेदवारांतही तेच होते. त्यांचं नाव चर्चेला आलं तेव्हा ते रीतसर बाहेर गेले. मात्र त्यांच्या स्पर्धकांची नावं चर्चेला आली तेव्हा ते आत होते, आणि शेवटी कोण वर, कोण खाली ही क्रमवारी लागतानाही आत होते. सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द केली. आपल्या पाकिटाच्या वेळी बाहेर आणि दुसऱ्याच्या पाकिटाच्या वेळी आत, ही त्याच चुकीची पाकिटातली आवृत्ती. चार दर असतील तर एकाला वर नेण्यासाठी त्याची स्तुती करावी लागत नाही; उरलेल्या तिघांबद्दल “ठीक है, लेकिन…” एवढं म्हटलं तरी पुरतं.

खास खरेदीचा खटला हवा असेल तर तोही आहे, १९८४ चा, जे. महापात्र कंपनीचा. ओडिशात शाळा-कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणारी समिती होती आणि तिच्यातल्या काही सदस्यांची स्वतःची पुस्तकं निवडीला आलेली होती. निकाल लिहिला न्यायमूर्ती मादन यांनी, जे त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे बघा, पुन्हा मुंबईच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्यक्षात पक्षपात झाला की नाही हा प्रश्न नाही. शहाण्या माणसाला तसा रास्त संशय यावा अशी परिस्थिती आहे का, हा प्रश्न आहे. आणि लेखक-सदस्य हा अनेकांपैकी फक्त एक होता, शेवटचा निर्णय सरकारचा होता, ही सबबही चालत नाही, कारण एकटा माणूस बाकीच्यांचं मत वळवू शकतो. मराठी साहित्यव्यवहार थोडाफार जवळून पाहिलेल्या कुणालाही हे पटवून द्यायला न्यायालयाची गरज पडू नये.

हे सगळं मी कमिटीला सांगितलं. इंजिनियरसाहेब म्हणाले, ठीक आहे, मी पूर्ण बाहेर राहतो. हे ऐकताच खजिनदारही म्हणाले, मग मीही, कारण सोसायटीचे हिशेब पाहणारी फर्म एका लिफ्ट कंपनीचेही हिशेब पाहते आणि ती फर्म माझ्या भाच्याची आहे. (यादीत भाचा नसल्यामुळे त्यांनी ते आधी लिहिलं नव्हतं.) खजिनदार नाहीत तर मीही नाही, असं अध्यक्ष म्हणाले, यामागचा हितसंबंध त्यांनी सांगितला नाही. सातातून तीन गेले, चार उरले. मॅडमना नातवंडांकडे कोचीला जायचं होतं. उरलो तीन : सेक्रेटरीसाहेब, मी, आणि तळमजला. तळमजल्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सगळेच अडकले तर निर्णय घ्यायचा कुणी, यालाही कायद्यात वाट आहे. दुसरा कुणी निर्णय घेऊच शकत नसेल तर हितसंबंधी माणसालाही बसू देतात. त्याला ‘गरजेचं तत्त्व’ म्हणतात. पण महापात्र खटल्यात हाच बचाव केला गेला आणि टिकला नाही. समितीवर दुसरी माणसं नेमता येत होती, मग गरज कसली? आमच्याही तीनशेच्या वस्तीत नात्यात लिफ्टवाला नसलेली दोन माणसं मिळाली. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त लेखापरीक्षक बाई, आणि विमान दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना कमिटीवर कधीच कुणी घेतलं नव्हतं कारण ते प्रत्येक गोष्टीचं मॅन्युअल मागतात. लिफ्टपुरती वेगळी समिती झाली.

या समितीने काय केलं ते सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. स्पेसिफिकेशन परत लिहिलं. ‘पूर्व दिल्ली’ गेली. ‘अधिकृत प्रतिनिधीकडूनच’ गेलं, त्याजागी ‘कंट्रोलरचा पासवर्ड आणि वायरिंगचे नकाशे सोसायटीच्या ताब्यात दिले जातील’ हे आलं. दरासोबत पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा बांधून मागितला आणि तुलना त्या बेरजेवर ठेवली. इंजिनियरसाहेबांना शंका विचारायच्या त्या लेखी, त्यांनी उत्तरं द्यायची ती लेखी, आणि दोन्ही नोटीस बोर्डावर लावायची, असं ठरलं. त्यांच्या ज्ञानाचा फायदा सोडायचा नाही, फक्त ते कानात सांगू द्यायचं नाही. त्यांची घोषणाही त्यांनी स्वतःच परत लिहिली : साडूंची फर्म अमुक कंपनीची देखभाल करते, पहिलं स्पेसिफिकेशन मी लिहिलं, आता मी या खरेदीच्या कुठल्याही बैठकीला बसणार नाही आणि याबद्दल कुणाशी तोंडी बोलणार नाही. कोण, कुणाशी, कशाचा व्यवहार आणि आता मी काय करणार नाही, हे सगळं त्यात आलं होतं. सेक्रेटरीसाहेबांनी ती मिनिट्सच्या वहीत डकवली आणि तिथल्या तिथे सर्वांच्या सह्या घेतल्या. पहिली सात घोषणापत्रं फाइलमध्ये आहेत. त्यांतल्या ‘भाषिक स्नेहा’चा उतारा मागूनही मला अजून मिळालेला नाही.

मागच्या महिन्यात दोन्ही लिफ्ट सुरू झाल्या. सांगलीवाल्याची कंपनी तिसरी आली. मी निकालाच्या दिवशी त्याला तिसऱ्यांदा चहा पाजला. तळमजल्याने वर्गणीबद्दल नवा अर्ज दिला आहे. साडूंनी इंजिनियरसाहेबांशी पुन्हा बोलणं सुरू केलं, ते फोन करून “तुमने ही कटवाया” म्हणण्यापुरतं.

तुमच्या सोसायटीत लिफ्ट, जनरेटर, सीसीटीव्ही, काहीही घ्यायचं घाटत असेल तर घोषणेचा कागद दोनदा फिरवा. एकदा स्पेसिफिकेशनची पहिली ओळ लिहिण्याआधी, आणि एकदा पुरवठादारांची नावं कळल्यावर, दराचं पाकीट फोडण्याआधी. ‘नातेवाईक’ या शब्दापुढे कंसात साडू, मेहुणा, व्याही आणि भाचा स्वतःच्या हाताने लिहून घ्या. आणि सह्या सुरू होण्यापूर्वी भिंतीवरचं कॅलेंडर कुणाचं आहे ते पाहा.